चार नंबरच्या पीसीवरचा उघडा मेल

सायबर कॅफेतल्या संगणकावरून उठताना बहुतेक माणसे पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली फुली दाबतात आणि काम संपले असे समजतात. फुलीने खिडकी बंद होते. खाते बंद होतेच असे नाही. ते बऱ्याचदा उघडेच राहते, आणि त्याच खुर्चीवर येऊन बसणाऱ्या पुढच्या माणसाच्या हाती पडते. असे उघडे खाते पहिल्यांदा दिसते ते बहुधा काउंटरवरच्या पोऱ्याला किंवा पुढच्या ग्राहकाला. ज्याचे खाते असते तो तोवर बसमध्ये बसून गावाच्या अर्ध्या वाटेवर पोचलेला असतो.

पुढचा प्रसंग कल्पित आहे, पण त्यातली एकेक पायरी कुठल्याही तालुक्याच्या गावी घडण्यासारखी आहे. एसटी स्टँडसमोर सहा पीसींचे कॅफे, एक झेरॉक्स मशीन, एक प्रिंटर. काउंटरवर विशी-बाविशीचा पगारी मुलगा. अशा कॅफेत आता कोणी गंमत म्हणून इंटरनेट बघायला येत नाही. ते प्रत्येकाच्या खिशात आहे. लोक येतात ते फॉर्म भरायला, स्कॅन करायला आणि मेलवर आलेल्या कागदाची प्रिंट काढायला. म्हणजे आजचे कॅफेतले काम जवळपास सगळेच ओळखपत्रांचे, मार्कशीटचे आणि बँकेच्या कागदांचे असते. पूर्वी गप्पांचे खाते उघडे राहायचे, आता घरातले लोखंडी कपाट उघडे राहते.

प्रवेशाच्या दिवसांत, सकाळी 11.20 ला एक निवृत्त शिक्षक चार नंबरच्या पीसीवर बसले. आरोग्य विम्याची पॉलिसी मेलवर आली होती, तिची प्रिंट हवी होती. त्यांनी जीमेल उघडले, प्रिंट काढली, फुली दाबली, पैसे दिले आणि 11.50 ला गेले. पाचच मिनिटांत त्या जागी एक मुलगी वडिलांबरोबर बसली. तिला मार्कशीट आणि आधार कार्डाचे स्कॅन कॉलेजला पाठवायचे होते. तिने पत्त्याच्या पट्टीत gmail.com लिहिले, समोर मेल उघडला, तिने नवीन मेल लिहून दोन्ही फायली जोडल्या आणि पाठवूनही दिल्या. पोच म्हणून प्रिंट घ्यावी म्हणून ती पाठवलेल्या मेलच्या यादीत गेली, तेव्हा तिथे विमा कंपनी, पेन्शन, पतसंस्था अशी अनोळखी पत्रे दिसली. तिने हाक मारली, "दादा, हा मेल माझा नाहीये."

पासवर्ड कोणी विचारलाच नव्हता, आणि नेमके तेच तिच्या लक्षात आले नव्हते. घरच्या फोनवर मेल उघडताना पासवर्ड कधीच टाकावा लागत नाही, त्यामुळे तो न विचारला जाणे लोकांना नेहमीचेच वाटते.

असे का होते, हे समजायला वेबची घडण थोडी पाहावी लागते. ब्राउझर आणि दूरचा सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात, त्यात मुळात आठवण नाही. एक पान मागितले, ते मिळाले, संबंध संपला. दुसरे पान मागताना सर्व्हरच्या लेखी तो नवाच माणूस असतो. 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी यावर तोड काढली. सर्व्हरने एक छोटीशी खूण ब्राउझरकडे द्यायची आणि पुढच्या प्रत्येक खेपेला ब्राउझरने ती परत दाखवायची. या खुणेला कुकी म्हणतात. मोठ्या देवळाबाहेर चपला ठेवल्यावर पत्र्याचा बिल्ला मिळतो, तसाच हा प्रकार. पासवर्ड आणि ओटीपी हे बिल्ला मिळवण्यापुरते. तो एकदा हातात आला की पुढे माणसाचे तोंड कोणी पाहत नाही, बिल्ला पाहतात. बिल्ला ज्याच्या हातात, चपला त्याच्या.

सर्व्हर बिल्ला देतो तेव्हा तो साधारण असा दिसतो:

```
Set-Cookie: sid=7f3a91c04be2; Secure; HttpOnly; Max-Age=1209600
```

यातला `sid` नंतरचा आकडा म्हणजे बिल्ल्याचा नंबर. `Max-Age` म्हणजे तो किती सेकंद चालेल. इथे 12,09,600 सेकंद, म्हणजे चौदा दिवस. मुदत लिहिलेली असली की कुकी संगणकाच्या डिस्कवर साठवली जाते आणि खिडकी बंद केली, एवढेच काय वीज गेली, तरी ती टिकते. मुदत न लिहिलेली कुकी ब्राउझर पूर्ण बंद झाल्यावर पुसली जावी असा संकेत आहे. पण तिथेही फटी आहेत. फुली एका टॅबची असेल तर ब्राउझर चालूच राहतो. ब्राउझरला 'मागे जिथे थांबलो तिथून पुढे' असे सांगून ठेवले असेल, तर तो दुसऱ्यांदा उघडताना असल्या तात्पुरत्या कुकीही परत आणतो. बँकांची संकेतस्थळे काही मिनिटे हालचाल दिसली नाही की सत्र स्वतःच तोडतात. मेल आणि समाजमाध्यमे तसे करत नाहीत. रोज पासवर्ड विचारला तर लोक वैतागतील, हे त्यांना ठाऊक असते.

ओटीपी लावला आहे, मग काळजी कशाची, असे अनेकांना वाटते. ओटीपी दारावरचा पहारेकरी आहे. इथे माणूस दारातून येतच नाही, तो आधीच घरात असतो. अर्थात घरातही काही कपाटांना वेगळे कुलूप असते. पासवर्ड बदलण्यासारख्या कामाआधी मोठ्या सेवा तो पुन्हा विचारतात, त्यामुळे उघड्या खात्यावर बसलेल्याला ते खाते सहजासहजी बळकावता येत नाही. मेल वाचणे आणि पाठवणे मात्र त्याला मोकळे असते, आणि खरा धोका तिथेच आहे. दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावर जाऊन 'पासवर्ड विसरलो' म्हटले की नवा पासवर्ड ठरवण्याचा दुवा याच मेलवर येतो. उघडा मेल म्हणजे एकच खोली नव्हे, किल्ल्यांचा जुडगा टांगलेली खुंटी.

आता काउंटरवरच्या मुलाने काय करायचे? पहिली ऊर्मी चौकशीची असते. कोणाचा मेल आहे ते पाहू, म्हणजे त्यांना कळवता येईल. हेतू चांगला असला तरी त्यासाठी पत्रे उघडायची गरज नसते. कोपऱ्यातल्या गोलावर क्लिक केले की नाव आणि मेलचा पत्ता दिसतो, तेवढे पुरते. दुसरी ऊर्मी पीसीचे बटण दाबून तो बंद करण्याची. तिचा उपयोग बहुधा होत नाही, कारण मुदतीची कुकी डिस्कवर असते आणि पीसी सुरू झाला की खातेही पुन्हा उघडते. तिसरी म्हणजे ब्राउझरमधल्या सगळ्या कुकी पुसणे. याने बिल्ला या संगणकावरून जातो, पण सर्व्हरच्या वहीत तो नंबर चालूच राहतो. कोणी त्याआधी तो उतरवून घेतला असेल तर त्याला तो वापरता येतो. बाहेर पडण्याचे बटण दाबल्यावर सर्व्हरला निरोप जातो आणि नीट बांधलेल्या सेवेत वहीतली नोंदच खोडली जाते. म्हणून आधी `Sign out`, आणि पुसणे त्यानंतर.

मुलाने गोलावर क्लिक केले तेव्हा तिथे एकच खाते होते. दोन असती तर गोंधळ वाढला असता. एकाच ब्राउझरमध्ये दुसरे खाते जोडून उघडले तर दोन्ही शेजारी शेजारी चालू राहतात. पत्त्याच्या पट्टीत पहिले `mail.google.com/mail/u/0/` आणि दुसरे `/u/1/` असे दिसते. पट्टीत शेवटी 1 दिसला, तर त्याच्या आधी कोणीतरी बसलेले आहे हे ओळखायचे. साधे gmail.com लिहिले की पहिलेच खाते उघडते, त्यामुळे दुसरा ग्राहक आपले म्हणून भलत्याचेच पान पाहत राहतो.

त्याने बाहेर पडण्याचे बटण दाबले. खाते बंद झाले, पण खाती निवडण्याच्या पानावर गुरुजींचा मेलचा पत्ता तसाच दिसत राहिला, शेजारी `Signed out` अशी खूण. तो `Remove an account` म्हणून वेगळा काढावा लागतो. हे घाईत राहून जाते, आणि एका गोष्टीमुळे ते महागात पडू शकते. पासवर्ड टाकल्यावर ब्राउझर तो जपून ठेवू का असे विचारतो, आणि पुष्कळ जण ती पाटी घालवण्यासाठी निळे बटण दाबतात. तसे झाले असेल तर खाते बंद करूनही पुढचा माणूस यादीतल्या नावावर क्लिक करतो आणि पासवर्ड आपोआप भरला जातो. म्हणून खाते बंद केल्यावर त्या नावावर एकदा क्लिक करून पाहावे. पासवर्डच्या चौकटीत काळे ठिपके आपोआप उमटले, तर तो जपलेला आहे. तिथून पुढे न जाता ब्राउझरच्या पासवर्डच्या यादीतून ती नोंद काढायची. गुरुजींच्या बाबतीत चौकट रिकामी निघाली.

मुलीने पाठवलेल्या मेलचे मात्र काय करायचे, हा खरा पेच होता. तिची मार्कशीट आणि आधार आता परक्या माणसाच्या पाठवलेल्या पत्रांत होते. कॉलेज उत्तर पाठवेल तर तेही गुरुजींनाच जाईल. खाते उघडे असतानाच ते पत्र खोडून टाकावे, असे वडील म्हणाले. त्याने नुकसान टळल्यासारखे वाटते, पण पाठवलेले पत्र खोडल्याने कॉलेजकडे पोचलेली प्रत परत येत नाही. जीमेलमध्ये पाठवलेले मागे घ्यायला फार तर तीस सेकंद मिळतात. शिवाय परक्याच्या खात्यात खाडाखोड झाल्याची खूण राहते. मुलीने पहिले पत्र पाठवले ते अजाणता. खाते दुसऱ्याचे आहे हे कळल्यावर त्यात केलेली कुठलीही गोष्ट अजाणता राहत नाही, मग ती आपलेच पत्र खोडण्याची का असेना. म्हणून पत्र आहे तिथे सोडायचे, मुलीने स्वतःच्या खात्यातून पुन्हा कागद पाठवायचे आणि आधीचा मेल चुकून दुसऱ्या पत्त्यावरून आला असे त्यात लिहायचे. गुरुजींच्या खात्यातले पत्र गुरुजी खोडतील.

कायद्याची रेषाही साधारण इथेच पडते. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीवाचून संगणकात शिरणे, त्यातली माहिती उतरवून घेणे किंवा खोडणे येते. हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवण्यासाठी केले तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कॅफेचा मुलगा चार नंबरच्या पीसीचा ताबेदार आहे, ही गोष्ट खरी. पण गुरुजींची पत्रे त्या पीसीत नाहीत, ती दूरच्या सर्व्हरवर आहेत, आणि पीसीचा ताबा म्हणजे त्या पत्रांची परवानगी नव्हे.

मग गुरुजींना कळवायचे कसे? उत्तर काउंटरवरच्या रजिस्टरात असते. सायबर कॅफेंसाठीचे नियम एप्रिल 2011 मध्ये आले. त्यांनुसार प्रत्येक ग्राहकाचे ओळखपत्र पाहून त्याचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, कोणता पीसी दिला, किती वाजता बसला आणि किती वाजता उठला, हे नोंदवून किमान एक वर्ष जपावे लागते. हीच नोंद पोलिसांच्या कामाची म्हणून ग्राहकांना नकोशी वाटते, आणि पुष्कळ कॅफेवालेही ती रखडत भरतात. पण अशा दिवशी तीच उपयोगी पडते. पीसी चार, 11.20 ते 11.50, हे नाव, हा मोबाइल. मेल उघडून नंबर शोधत बसायचे कारणच उरत नाही.

फोन करण्यातही एक अडचण आहे. 'तुमचे खाते उघडे राहिले आहे' हे वाक्य ऐकले की माणसाला आधी फसवणूकच आठवते, आणि त्यात चूक काही नाही. त्यामुळे फोनवर ओटीपी, पासवर्ड, मेलचा पत्ता यातले काहीही विचारायचे नाही, कुठला दुवा पाठवायचा नाही. मुलाने एवढेच सांगितले, "सर, सकाळी तुम्ही पॉलिसीची प्रिंट काढलीत त्या कॅफेतून बोलतोय. मेल चालू राहिला होता, आम्ही बंद केला. एका मुलीचा मेल चुकून तुमच्या खात्यातून गेलाय, तो तेवढा काढून टाका. आणि घरी गेल्यावर पासवर्ड बदला." गुरुजींनी आधी विचारले ते फोनमधला मेलही बंद झाला का. तो बंद होत नाही. प्रत्येक यंत्राला वेगळा बिल्ला असतो, आणि कॅफेतला खोडला तरी फोनमधला चालू राहतो.

मधल्या वेळात आणखी कोणी खाते पाहिले का, हे गुरुजींना घरच्या संगणकावर तपासता येते. जीमेलच्या पानाच्या अगदी तळाशी, उजवीकडे, बारीक अक्षरात `Details` असते. तिथे खाते अलीकडे कुठून, कशावरून आणि किती वाजता वापरले गेले त्याची छोटी यादी निघते. आपण उठल्याच्या वेळेनंतरची नोंद दिसली, तर ती दुसऱ्या कोणाची. या यादीलाही मर्यादा आहे. कॅफेतले सहाही पीसी एकाच जोडणीतून बाहेर पडतात, म्हणून बाहेरून सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो. कोणत्या पीसीवर काय झाले ते यादी सांगत नाही. दुसऱ्या ठिकाणची सगळी सत्रे एकदम तोडायची सोयही तिथेच आहे. पासवर्ड बदलला तर मोजके अपवाद सोडून बाकी सगळीकडून खाते बंद होते.

व्हॉट्सॲपची गोष्ट जरा वेगळी आणि जास्त चिवट. फोनवर आलेली पीडीएफ छापायची म्हणून ग्राहक कॅफेच्या पडद्यावरचा चौकोनी कोड स्कॅन करतात, आणि तो पीसी त्यांच्या फोनला जोडलेला राहतो. मूळ फोन चौदा दिवस वापरला नाही तर जोडलेली यंत्रे सुटतात. पण फोन तर रोज वापरात असतो, त्यामुळे या मुदतीचा इथे काही उपयोग नाही. सोडवायचे ते फोनमधूनच, `Linked devices` मध्ये जाऊन. तिथे आपले नसलेले यंत्र दिसले की ते काढायचे. काउंटरवरच्या मुलाला असे उघडे व्हॉट्सॲप दिसले, तर पडद्यावरून `Log out` करता येते.

मेल बंद झाला तरी त्याने उतरवलेले कागद मागे राहतात. गुरुजींची पॉलिसी चार नंबरच्या `Downloads` मध्ये पडलेली होती. त्या फोल्डरात अशा वेळी पन्नास माणसांची आधार कार्डे, सातबारे आणि मार्कशीट सापडतात. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून ती सुरक्षित, असा समज आहे. पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मसाल. बाजूलाच त्याच माणसाचे दुसरे कागद पडलेले असतील, तर दोन्ही त्यांत वाचायला मिळू शकतात. फाइल नुसती डिलीट केली की ती रिसायकल बिनमध्ये जाते. म्हणून तेही रिकामे करावे लागते.

हे सगळे दर ग्राहकामागे हाताने करणे गर्दीत जमत नाही. जुन्या कॅफेवाल्यांचा उपाय म्हणजे पीसी बंद करून सुरू केला की डिस्क आधी ठरवलेल्या अवस्थेत परत आणणारे सॉफ्टवेअर. डीप फ्रीझ हे त्यातले ओळखीचे नाव. उपाय पक्का आहे, फक्त पीसी खरोखर बंद करून सुरू करावा लागतो. प्रवेशाच्या गर्दीत एक उठतो आणि दुसरा बसतो, मधे दोन मिनिटेही कोणी देत नाही. वेळ मोजणारे कॅफेचे सॉफ्टवेअर इथे फसवे ठरते. वेळ संपली की ते पडदा कुलूपबंद करते, पण त्यामागचा ब्राउझर जसाच्या तसा ठेवते. पुढच्यासाठी कुलूप काढले की मागचाच पडदा समोर येतो. त्यात 'वेळ संपल्यावर पीसी पुन्हा सुरू करा' हा पर्याय असेल, तर तो मुद्दाम लावावा लागतो.

त्याहून सोपी सोय क्रोममध्येच आहे. डेस्कटॉपवरच्या चिन्हाच्या गुणधर्मात शेवटी एक शब्द वाढवला की ब्राउझर पाहुण्याच्या अवस्थेत उघडतो:

```
chrome.exe --guest
```

या अवस्थेतल्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की कुकी आणि भेट दिलेल्या पानांची यादी जाते. गुप्त खिडकीनेही बरेचसे तेच साधते. पण दोन्हींत एक अट समान आहे. शेवटची खिडकी बंद होईपर्यंत सगळ्या खिडक्यांचे सत्र एकच असते, म्हणून एखादी खिडकी खाली लहान करून ठेवली असेल, तर खाते चालूच राहते. उतरवलेल्या फायली दोन्हींत डिस्कवर उरतात. आणखी एक गुंता नियमांचा. भेट दिलेल्या संकेतस्थळांच्या नोंदीही कॅफेने वर्षभर जपाव्यात, असे त्याच नियमांत आहे, आणि पाहुण्याच्या अवस्थेत ब्राउझर काहीच जपत नाही. म्हणून ती नोंद पीसीवर न ठेवता सगळे पीसी ज्या एका यंत्रातून बाहेर पडतात, तिथे ठेवायची. म्हणजे कोण कुठे गेला हे कळते, पण बिल्ला पीसीवर राहत नाही.

दुपारपर्यंत सहाही पीसींच्या चिन्हांत तो शब्द वाढवून झाला. रजिस्टरात गुरुजींच्या नावापुढे उठण्याची वेळ 11.50 अशी लिहिलेली होती. त्यांचे खाते चार नंबरवरून बंद झाले ते 12.17 ला, मुलाने ती वेळ त्याच ओळीत, बाजूच्या कोऱ्या जागेत, पेन्सिलीने लिहून ठेवली.